जोराच्या पावसात तळघराचा पंप सुरू होईना? आधी फ्लोट बघा, पण तिथंच थांबू नका

जुलैचा शेवटचा आठवडा, पुष्य नक्षत्राचा म्हातारा पाऊस. रात्री पावणेदोनला वॉचमन आप्पांचा फोन आला. "वैनी, खाली पाणी भराय लागलंय आणि मोटार गप बसलीया."

आमची सोसायटी कोल्हापुरात, शाहूपुरीच्या बाजूला, जयंती नाल्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. तळघरात पार्किंग आहे, एका कोपऱ्यात चार फूट बाय चार फूट आणि पाच फूट खोल खड्डा आहे, त्यात एक एचपीचा सांडपाण्याचा सबमर्सिबल पंप सोडलेला आहे. जमिनीतून पाझरणारं आणि उतारावरून येणारं पाणी या खड्ड्यात जमतं. ठरावीक उंचीला आलं की पंप आपोआप सुरू व्हावा, पाणी बाहेर फेकून आपोआप बंद व्हावा, असा हिशेब. आपल्याकडं संप म्हटलं की पिण्याच्या पाण्याची जमिनीखालची टाकी डोळ्यापुढं येते. हा तो नव्हे. याला कुणी ड्रेन पिट म्हणतं, कुणी नुसता खड्डा.

त्या वर्षी मी सोसायटीची सेक्रेटरी नवीन होते आणि पंपाचं ज्ञान शून्य. पहिल्या रात्री फ्लोट अडकलेला सापडला, तो सोडवला आणि सगळे झोपायला गेलो. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. फ्लोट का अडकतोय हे तिसऱ्या दिवशी कळलं आणि त्याचं मूळ फ्लोटमध्ये नव्हतंच, पाइपावरच्या एनआरव्हीत होतं. नव्यानं हे काम गळ्यात पडलेल्यांसाठी सगळं क्रमानं लिहिते आहे.

## आधी दोन भागांची ओळख

फ्लोट स्विच म्हणजे वायरीच्या टोकाला असलेला प्लॅस्टिकचा हवाबंद डबा. मिस्त्री त्याला नुसतं 'बॉल' म्हणतात. पाणी चढलं की तो तरंगत वर येतो आणि कलंडतो. आतली छोटी गोळी घरंगळून स्विच दाबते आणि पंप सुरू होतो. पाणी उतरलं की फ्लोट खाली लोंबतो आणि पंप बंद होतो. वायर जिथं बांधली आहे तिथपासून फ्लोटपर्यंत किती लांबी मोकळी आहे, त्यावर पंप कुठं सुरू आणि कुठं बंद होणार ते ठरतं. ही लांबी पुढं महत्त्वाची आहे, लक्षात असू द्या.

एनआरव्ही म्हणजे नॉन रिटर्न व्हॉल्व्ह. पंपातून वर गेलेलं पाणी परत खाली येऊ न देणारी झडप. आत एक पाकळी असते, पाणी वर ढकललं की उघडते, पंप थांबला की आपल्या वजनानं मिटते. विहिरीच्या मोटारीला खाली जाळीचा फुटव्हॉल्व्ह असतो, तो वेगळा. दुकानात नाव नीट सांगा, नाहीतर हातात भलतंच पडतं.

## जवळ काय हवं

पाऊस सुरू झाल्यावर यातलं काहीच सापडत नाही, म्हणून एका पेटीत भरून पहिल्या मजल्यावर ठेवा. आमची पेटी तळघरातच होती आणि दुसऱ्या रात्री तीच तरंगत होती.

- चार्ज केलेली बॅटरी (डोक्याला लावायची असेल तर उत्तम), रबरी बूट, रबरी हातमोजे
- सात-आठ फुटांचा प्लॅस्टिकचा पाइप, टोकाला आकडा केलेला. फ्लोट उचलायला हाच. लोखंडी गज नको.
- टेस्टर आणि बीप वाजणारा मल्टिमीटर
- पाइप पाना, टेफ्लॉन टेप, प्लॅस्टिकचे केबल टाय, नायलॉनची दोरी
- इंचांच्या खुणा केलेली लाकडी पट्टी, पाच-सहा फूट
- पंपाच्या पाटीचा मोबाइलवर काढलेला फोटो, पंपाचं बिल आणि वॉरंटी कार्ड
- इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर, दोघांचे नंबर. बऱ्याचदा एक जण दुसऱ्याचं काम म्हणून हात झटकतो.

## १. पाण्यात पाय टाकण्याआधी वीज

तळघरात पाणी साचलं असेल आणि पंपाचा पॅनेल किंवा कुठलंही सॉकेट पाण्यात गेलं असेल, तर खाली उतरू नका. वरच्या मीटर रूममधून तळघराची लाइन बंद करा. ती कुठली हे माहीत नसेल तर मेन बंद करा. शेजारी ओरडतील, ओरडू द्या.

पॅनेल कोरडा असेल तरी खड्ड्याला, वायरीला किंवा पाइपाला हात लावायच्या आधी पंपाची एमसीबी खाली पाडा. पॅनेलवरचा ऑटो-मॅन्युअलचा खटका 'बंद'वर केला म्हणजे वीज गेली असं समजू नका. तो फक्त पंपाला सुरू होण्याचा हुकूम देतो, फ्लोटच्या वायरीत वीज राहू शकते. टेस्टर लावून खात्री करा. या लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी नसेल तर ती बसवून घ्या. पाण्यात गळती झाली तर क्षणात लाइन तोडणारी तीच.

आणि खड्ड्यात कुणालाही उतरवू नका, आप्पांना तर अजिबात नाही. ज्या खड्ड्यात गटाराचं पाणी येतं तिथं तळाशी विषारी वायू साठतो आणि माणूस ओरडायच्या आत कोसळतो. पंप दोरीनं किंवा साखळीनं वर ओढून काढायचा, माणूस खाली सोडायचा नाही.

## २. मॅन्युअलवर टाकून कान द्या

पॅनेल कोरडा आहे आणि तुम्हीही कोरड्या जागी उभे आहात, तर एमसीबी वर करून खटका मॅन्युअलवर टाका. मॅन्युअल म्हणजे फ्लोटला न विचारता पंपाला थेट वीज. आता चारपैकी एक गोष्ट होईल.

पंप व्यवस्थित सुरू झाला आणि खड्ड्यातलं पाणी उतरायला लागलं, तर वीज ठीक, पंप ठीक, दोष फ्लोटकडं. आमच्याकडं पहिल्या रात्री हेच झालं.

नुसता 'हूंऽऽ' असा आवाज येतो आणि पंप फिरत नाही, तर लगेच बंद करा. पंख्यात काहीतरी अडकलंय किंवा कपॅसिटर गेलाय. असा घुमत ठेवलेला पंप काही मिनिटांत जळतो. कपॅसिटर स्वतः उघडू नका, लाइन बंद केल्यावरही त्यात झटका साठलेला असतो.

पंप फिरतोय, पण पट्टीवर पाणी तसूभरही उतरत नाही, तर एनआरव्ही मिटलेल्या अवस्थेत अडकलाय, नाहीतर पंपात हवा कोंडलीय. यावर पुढं पाचव्या पायरीत लिहिलं आहे.

काहीच आवाज नाही, तर पाहा: एमसीबी किंवा आरसीसीबी पडली आहे का, आणि मुळात वीज आहे का. आरसीसीबी एकदा वर करून पुन्हा पडत असेल तर जबरदस्ती करू नका. कुठंतरी केबलच्या सांध्यात पाणी शिरलंय.

ज्या पंपांना पॅनेल नसतो आणि फ्लोट थेट पंपालाच जोडलेला असतो, तिथं हीच परीक्षा आकड्याच्या पाइपानं फ्लोट वर उचलून करायची. उचलल्यावर सुरू झाला, म्हणजे फ्लोट चांगला आहे पण अडकला होता.

## ३. फ्लोट सोडवा, आणि तो का अडकला ते विचारा

एमसीबी बंद. बॅटरीचा झोत खड्ड्यात टाका. अडकलेला फ्लोट बहुधा चारपैकी एका जागी सापडतो: भिंत आणि पाइप यांच्या फटीत, पंपाच्याच खाली, पंपाच्या दोरीत गुंतलेला, नाहीतर तेलकट चिखलाच्या थरानं भिंतीला चिकटलेला. पार्किंगमधल्या खड्ड्यात ऑइल उतरतं, त्यामुळं हा चौथा प्रकार आमच्यासारख्या ठिकाणी नेहमीचा आहे.

पाइपाच्या आकड्यानं तो मोकळा करा आणि वर घ्या. साबणाच्या पाण्यानं धुवा. मग कानाजवळ हलवून बघा. आत गोळी फिरल्याचा कोरडा खुळखुळाट आला तर ठीक. पाणी डचमळल्याचा आवाज आला किंवा हातात जड लागला, तर तो फुटलाय. असा फ्लोट तरंगणारच नाही, सरळ नवा घ्या.

नंतर मल्टिमीटर. फ्लोटच्या वायरी पॅनेलमधून सोडवा, मीटर बीपवर ठेवा. फ्लोट वर धरला की बीप वाजला पाहिजे, खाली लोंबवला की थांबला पाहिजे. दहा वेळा करून बघा, कारण मरायला टेकलेला स्विच दहात दोन-तीन वेळाच दगा देतो.

इथं नवख्यांसाठी मोठा सापळा आहे. बाजारात मिळणारे बरेचसे फ्लोट तीन वायरींचे असतात, कारण तोच फ्लोट टाकी भरायलाही वापरतात. टाकी भरताना फ्लोट खाली असताना मोटार चालू हवी, खड्डा उपसताना फ्लोट वर असताना. तीनपैकी चुकीच्या दोन वायरी जोडल्या तर पंप कोरड्या खड्ड्यात चालतो आणि भरलेल्या खड्ड्यात गप्प बसतो. रंगांवर विश्वास ठेवू नका, कंपनीगणिक ते बदलतात. मीटर लावून 'वर असताना बीप' देणारी जोडी शोधा आणि तिसरी वायर नीट बंद करा.

आता आमच्या पहिल्या रात्रीची चूक. फ्लोट पाइपामागं अडकलेला होता. मी तो सोडवला आणि दिवसा मिस्त्रींनी त्याची वायर आखूड बांधून दिली. "आता जातोय कुठं अडकाय!" दिसायला शहाणपणाचं. पण वायर आखूड झाली तसं सुरू आणि बंद यांच्यातलं अंतर जेमतेम पाच इंचांवर आलं. पाच इंच पाणी चढलं की पंप सुरू, दीड मिनिटात बंद, पुन्हा पाच इंच, पुन्हा सुरू. प्रत्येक सुरुवातीला पंप एक हिसका मारतो. दोरी सैल होती, त्यामुळं हिसक्या-हिसक्यानं पंपच हळूहळू फिरला आणि रात्री फ्लोट पुन्हा त्याच पाइपामागं जाऊन बसला.

म्हणून बांधताना तीन गोष्टी पाहा. फ्लोट पूर्ण वर्तुळात फिरला तरी भिंतीला, पाइपाला किंवा पंपाला शिवता कामा नये. सुरू-बंदमधलं अंतर चार फुटी खड्ड्यात किमान एक फूट असावं. पण बंद होण्याची जागा पंपाच्या पुस्तिकेत दिलेल्या किमान पाण्याच्या खाली जाऊ देऊ नका, कारण असा पंप पाण्यानंच थंड राहतो. आणि पंप हिसक्यानं फिरणार नाही असा घट्ट बसलेला हवा. फ्लोटची वायर पंपाच्या दोरीला बांधू नका. वेगळ्या पाइपाला किंवा भिंतीतल्या आकड्याला बांधा.

## ४. पट्टी घेऊन दहा मिनिटं बसा

हीच पायरी आम्ही दोन रात्री गाळली.

दुसऱ्या रात्री फ्लोट सोडवल्यावर आप्पा म्हणाले, "वैनी, पाऊस वसरला की ओ. मग पाणी कुठनं यालंय?" खरंच होतं. पाऊस भुरभुरत होता, तरी खड्डा भरत होता. आणि पाण्याला वास होता. जमिनीतून पाझरणारं पाणी गढूळ असेल, पण त्याला नाल्याचा वास नसतो.

सकाळी उजेडात मोजलं. चार फूट बाय चार फूट खड्ड्यात एक इंच पाणी म्हणजे साधारण ३८ लिटर. हा आकडा तुमच्या खड्ड्यासाठी काढून भिंतीवर लिहून ठेवा: लांबी आणि रुंदी फुटांत गुणा, आलेल्या आकड्याला २.३६ नं गुणा, म्हणजे एका इंचाचे लिटर मिळतात. दोन इंची पाइपात फुटाला जवळपास ०.६ लिटर पाणी मावतं. एनआरव्हीच्या पुढं आमचा पाइप ६० फूट आहे, म्हणजे पाइपात एकूण ३६ लिटर. खड्ड्याच्या भाषेत एक इंच.

आमच्या पाइपावर एनआरव्हीच्या वरच्या बाजूला गेट व्हॉल्व्ह आहे, बिल्डरनं केलेल्या मोजक्या चांगल्या कामांपैकी एक. तो असेल तर ही परीक्षा करा.

पंप मॅन्युअलवर चालवून पाणी ठरलेल्या खुणेपर्यंत उतरवा. पंप बंद करा, गेट व्हॉल्व्ह उघडाच ठेवा आणि दहा मिनिटांत पाणी किती इंच चढतं ते पट्टीवर पाहा. आमच्याकडं ८ इंच चढलं. मग पंप चालवून पाणी पुन्हा त्याच खुणेवर आणा, पंप बंद करताक्षणी गेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा आणि पुन्हा दहा मिनिटं मोजा. आमच्याकडं ३ इंच. दोन्ही वेळा सुरुवात एकाच खुणेवरून करा, कारण खड्डा जितका रिकामा तितका पाझर जास्त. मधेच पाऊस वाढला तर सगळं पुन्हा मोजा. आणि गेट व्हॉल्व्ह बंद असताना पंप सुरू होऊ देऊ नका. मोजताना एमसीबी पाडूनच ठेवा.

तीन इंच म्हणजे जमिनीचा खरा पाझर. उरलेले पाच इंच आमच्याच पाइपातून परत येत होते. त्यातला जास्तीत जास्त एक इंच पाइपात उरलेल्या पाण्याचा. बाकी चार इंच, म्हणजे दीडशे लिटर, दहा मिनिटांत बाहेरून आत येत होते. आम्ही वीज जाळून पाणी नाल्याकडं पाठवत होतो आणि नाला ते पंप थांबला की परत करत होता.

## ५. एनआरव्ही उघडा

एमसीबी बंद, गेट व्हॉल्व्ह बंद. गेट व्हॉल्व्ह नसेल तर पाइपातलं सगळं पाणी अंगावर येणार हे गृहीत धरून बादली ठेवा. एनआरव्हीच्या दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे पाइप न कापता सुटणारा जोड, असेल तर पाइप पान्यानं दोन मिनिटांत निघतो. नसेल तर पाइप कापावा लागेल. तेव्हा परत बसवताना युनियन लावूनच घ्या.

आमच्या एनआरव्हीत पाकळी आणि बैठकीच्या मधे गुटख्याची पुडी अडकली होती. एवढीशी. पाकळी अर्धवट उघडी, त्यातून वाळू वाहून रबरावर चर पडलेला. पुडी काढून भागलं नसतं. रबर कापलं गेलं की पाकळी मिटूनही गळते. अशा वेळी एनआरव्ही बदलाच.

नवा घेताना खड्ड्याच्या पाण्यासाठी हवा असं सांगा. पितळी, आत स्प्रिंग असलेला एनआरव्ही छपरावरच्या स्वच्छ पाण्याला ठीक आहे. आमच्या खड्ड्यात केस, पालापाचोळा, प्लॅस्टिक सगळं येतं आणि ते स्प्रिंगला गुंडाळतं. पाकळीचा, नाहीतर रबरी चेंडूचा एनआरव्ही घाण पाण्यात जास्त टिकतो. बसवताना अंगावरचा बाण पाण्याच्या दिशेनं, म्हणजे पंपाकडून बाहेर. उलटा बसवलेला मी एका नातेवाइकांच्या इमारतीत पाहिला आहे. तिथं पंप जुना झाला म्हणून बदलायचं ठरलं होतं.

क्रम असा ठेवा: पंप, मग एनआरव्ही, मग गेट व्हॉल्व्ह. एनआरव्ही शक्यतो खड्ड्याच्या तोंडाशी, हात पोचेल असा.

नव्या एनआरव्हीनंतर एक नवाच त्रास होऊ शकतो. आता पाइपातलं पाणी वर अडून राहतं. खड्डा पंपाखालपर्यंत उपसला गेला की पंपात हवा शिरते, आणि वर एनआरव्ही मिटलेला असल्यामुळं तिला बाहेर पडायला वाट नसते. पुढच्या वेळी पाणी चढतं, फ्लोट वर येतो, पंप फिरतो, पण तो हवाच घुसळत बसतो. याला मिस्त्री 'एअर धरलं' म्हणतात. उपाय सोपा आहे: पंप आणि एनआरव्ही यांच्यामधल्या पाइपाला, खड्ड्याच्या आत आणि पंप बंद होण्याच्या खुणेच्या वर, ३ ते ५ मिलिमीटरचं एक भोक पाडायचं, तिरकं, खालच्या दिशेनं. काही पंपांच्या अंगावरच असं भोक असतं, आधी पुस्तिकेत पाहा.

पंप चालू असताना या भोकातून पाण्याची चिळकांडी उडते. ती गळती नाही, ती उडालीच पाहिजे. आमच्याकडं एका उत्साही सभासदांनी पुढच्याच महिन्यात ती एम-सीलनं बुजवली. आता शेजारी रंगानं लिहून ठेवलं आहे: 'हे भोक मुद्दाम आहे'.

त्याच चिळकांडीचा निदानाला उपयोग होतो. पंप फिरतोय पण पाणी उतरत नाही, अशा वेळी भोकाकडं बघा. जोरात चिळकांडी उडत असेल तर पंप दाब देतोय आणि अडथळा पुढं आहे: एनआरव्ही मिटून अडकलाय, नाहीतर गेट व्हॉल्व्ह कुणीतरी बंद ठेवलाय. हे दुसरं आधी तपासा, फार लाज वाचते. अडकलेला एनआरव्ही लाकडी ठोकळ्यानं हलके ठोकल्यावर कधीकधी सुटतो, पण तेवढी रात्र काढण्यापुरताच. चिळकांडी नसेल, नुसती फुसफुस असेल, तर हवा किंवा पंख्यातला कचरा.

## ६. पाइपाचं बाहेरचं तोंड कुठं आहे ते बघा

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली होती. नदी चढली की जयंती नाल्याचं पाणी नदीत मिसळेनासं होतं आणि नाला मागं तुंबतो. मग रस्त्याखालचे चेंबर भरतात. ज्या चेंबरमध्ये आपला पाइप सोडलाय तोही भरतो, आणि पाइपाचं तोंड पाण्यात बुडतं. रस्त्यावर पाऊल बुडेल एवढंही पाणी नसताना हे झालेलं असतं, त्यामुळं कुणाच्या लक्षात येत नाही.

तोंड बुडालं आणि एनआरव्ही गळका असला, की शाळेत शिकलेली वक्रनलिका तयार. पाइप वर चढून मग चेंबरमध्ये उतरत असला तरी फरक पडत नाही. पाइप पाण्यानं गच्च भरलेला असेल तोवर चेंबरमधलं पाणी चढण ओलांडून खालच्या खड्ड्यात येत राहतं. आमचे दीडशे लिटर असेच आले.

एनआरव्ही बदलला तरी त्यात उद्या दुसरी पुडी अडकणार नाही याची हमी नाही. म्हणून आम्ही पाइपाच्या सर्वात उंच जागी एक टी जोड बसवला आणि त्यातून अर्धा इंची पाइप तीन फूट वर नेऊन तोंड उघडं ठेवलं, वर उलटा बाक दिलेला, पाऊस-पाला जाऊ नये म्हणून. पंप थांबला की तिथून हवा आत शिरते आणि वक्रनलिका तुटते. मग एनआरव्ही गळला तरी पंपाच्या बाजूचं थोडं पाणी तेवढं परत येईल, नाला येणार नाही. पंप चालू असताना त्या पाइपातून पाणी उडत असेल तर तो आणखी उंच करा किंवा पुढं पाइप तुंबलाय का पाहा.

मात्र ही उंच जागा बाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर असली तरच याचा उपयोग. आम्ही ती उताराच्या वरच्या उंबऱ्यापेक्षा दीड फूट उंच नेली. त्याहून उंच नेण्यात अर्थ नव्हता, कारण पाणी उंबरा ओलांडून उतारावरून आत आलं तर एक एचपीचा पंप त्यापुढं काहीच नाही. बंधाऱ्याची पातळी ३९ च्या पुढं सरकायला लागली की आम्ही गाड्या वर काढतो आणि तळघराची लाइन बंद करतो. पुराच्या भागात वीजपुरवठाही बंद ठेवावा लागतो, तेव्हा पंपाच्या भरवशावर गाडी खाली ठेवू नका.

## ७. मृगाच्या आधी एकदा पाणी ओतून बघा

कोरड्या खड्ड्यात फ्लोट हातानं उचलून 'चालतोय की' म्हणणं म्हणजे परीक्षा नव्हे. जूनच्या पहिल्या आठवड्यात टँकरचं किंवा बोअरचं पाणी खड्ड्यात सोडा आणि पंपाला आपणहून सुरू आणि बंद होऊ द्या, निदान तीन वेळा. सुरू झाला ती खूण, बंद झाला ती खूण आणि उपसायला लागलेला वेळ भिंतीवर लिहा. बंद झाल्यावर दहा मिनिटं थांबून पाणी चढतंय का बघा. तेव्हा पाझर नसतो, त्यामुळं एक इंचही चढलं तर ते पाइपातूनच आलं.

आमच्याकडं आता अंतर एक फूट आहे. जोराच्या पावसात, तीन इंचांच्या पाझराला, पंप साधारण चाळीस मिनिटांनी एकदा लागतो. त्या दुसऱ्या रात्री तो तासाला आठ-नऊ वेळा लागत होता. पावसाळ्यात आप्पा दर पंधरा दिवसांनी फ्लोट वर ओढून धुतात.

आणखी एक केलं. पहिल्या फ्लोटपेक्षा सहा इंच वर दुसरा फ्लोट लावला, त्याला पंप नाही, नुसती घंटा जोडली आहे, तीही आप्पांच्या केबिनमध्ये आणि बॅटरीवर. वीज गेली किंवा खालचा फ्लोट पुन्हा अडकला तरी ती वाजते. गेल्या पावसाळ्यात एकदा वाजली. मी पट्टी घेऊन खाली धावले, तर आप्पा आधीच आकड्याचा पाइप घेऊन उभे होते. "चप्पल हाय, वैनी. कुणाच्या तरी पोराची. बॉलवर बसलीया."